प्रदर्शनाआधी वन-टू-वन मीटिंगची रिक्वेस्ट: अकरा पाठवल्या, होकार एक. नक्की लिहायचं काय?

वॅडवाला_वसई · सोमवार, रात्री १०:४२

मंडळी, आमचं वसई ईस्टला छोटं युनिट आहे, बाटलीच्या झाकणात जो इंडक्शन सीलचा वॅड असतो ना, ज्याची फॉइल बाटलीच्या तोंडाला चिकटून सील होते, तो बनवतो. बाबांनी सुरू केलं, आता मी आणि माझा चुलतभाऊ बघतो. येत्या महिन्यात गोरेगावला नेस्कोमध्ये पॅकेजिंगचं प्रदर्शन आहे तिथे पहिल्यांदा स्वतःचा स्टॉल घेतलाय, ३ बाय ३ चा, हॉल ४ मध्ये के-१८. आत्तापर्यंत नुसते व्हिजिटर म्हणून पिशव्या भरून ब्रोशर आणायचो.

तर आयोजकांच्या पोर्टलवर येणाऱ्या लोकांची यादी दिसते, नाव, हुद्दा, कंपनी, कशात इंटरेस्ट आहे वगैरे, आणि त्यांना आधीच मीटिंगची रिक्वेस्ट टाकता येते. आमच्या पॅकेजमध्ये ३० रिक्वेस्ट आहेत. मी गेल्या आठवड्यात एका दमात अकरा पाठवल्या, त्यातला एक हो म्हणाला, एकाने नाही म्हटलं, नऊ नुसत्याच पेंडिंग पडून आहेत. पोर्टलवर मजकूर इंग्रजीत टाकलाय, इथे मराठीत देतो:

"आदरणीय सर/मॅडम, आम्ही गेल्या पंचवीस वर्षांपासून इंडक्शन सीलिंग वॅडचे आघाडीचे उत्पादक असून दर्जा आणि सेवा हेच आमचे ब्रीद आहे. प्रदर्शनात आमच्या स्टॉलला अवश्य भेट द्यावी, परस्पर व्यावसायिक संधींवर चर्चा करता येईल. आपला नम्र..."

यात चुकतंय काय? की लोक बघतच नाहीत हे? आता एकोणीस उरल्यात, त्या वाया घालवायच्या नाहीत. स्टॉलला, लाइटला, पॅनेलला पैसे घालून बसलोय आणि तीन दिवस फक्त पेन आणि पिशवी मागणारे आले तर बाबा वर्षभर ऐकवतील.

आनंद_गोरेगाव · सोमवार, रात्री ११:१५

सरळ आहे भाऊ, तुम्ही चुकीच्या माणसाला पाठवताय. पर्चेस हेडला पाठवा, बाकी कोणाला नको. ऑर्डर तोच काढतो ना. आणि अकरा काय, तीसच्या तीस पाठवून टाका, जेवढे जास्त तेवढं बरं, दहा टक्के तरी येतातच. मजकुरात रेट टाका, रेट बघितला की माणूस थांबतो.

रत्नाकर_काका · सोमवार, रात्री ११:३८

पूर्वी असलं काही नव्हतं. सकाळी स्टॉलवर बसायचं, मोसंबी रस मागवायचा, ज्याला गरज आहे तो शोधत यायचा. आम्ही अशीच गिऱ्हाइकं केली. आता अपॉइंटमेंट घेऊन यायला हा काय दवाखाना आहे?

पूनम_ठाणे · मंगळवार, सकाळी ८:०५

मला पण हाच प्रॉब्लेम आहे, मी पण रिक्वेस्ट केली होती आणि अजून पेंडिंगच दाखवतंय, बॅज कधी येणार? मी ठाण्याहून येणार आहे, राम मंदिर स्टेशन जवळ पडेल की मेट्रोने गोरेगाव पूर्व? आणि आत गेल्यावर फी आहे का?

केदार_के · मंगळवार, सकाळी ९:२०

पूनम ताई, तुमची व्हिजिटर रजिस्ट्रेशनची रिक्वेस्ट आहे, धागा वेगळ्याबद्दल चाललाय 🙂 मेट्रोचं गोरेगाव पूर्व बरं पडेल, राम मंदिरवरून पण चालत किंवा रिक्षाने जाता येतं. बॅजचं आयोजकांच्या हेल्पलाइनला विचारा.

वॅडवाले भाऊ, मी प्रदर्शनांच्या रजिस्ट्रेशनचं काम करणाऱ्या टीममध्ये चार वर्षं होतो, तेव्हा पडद्यामागचं सांगतो. प्रत्येक आयोजकाचं पोर्टल वेगळं असतं त्यामुळे तुमच्या सेल्सवाल्याकडून खात्री करून घ्या, पण बहुतेक ठिकाणी तीन गोष्टी अडकतात.

एक म्हणजे पेंडिंग रिक्वेस्ट कोटा अडवून बसते. आमच्याकडे पेंडिंग मागे घेतली की कोटा परत मिळायचा, समोरच्याने नकार दिला की मात्र नाही. म्हणजे तुमच्या नऊ पेंडिंगमधल्या ज्या उगाच पाठवल्यात असं वाटतं त्या मागे घेऊन बघा. पण एकाला मागे घेऊन परत त्यालाच पाठवता येतं का हे आधी विचारा, काही ठिकाणी एका माणसाला एकदाच.

दुसरं, जागा. रिक्वेस्टमध्ये "कुठे भेटायचं" हा वेगळा रकाना असतो आणि तो भरला नाही तर आपोआप मीटिंग लाउंज पडतं. लाउंज दुसऱ्या हॉलमध्ये असतं, टेबलं नंबर घातलेली असतात. तुम्ही मजकुरात "आमच्या स्टॉलवर या" लिहिलंय आणि सिस्टिम त्याला सांगतेय लाउंज टेबल १४. तो तिथे जाऊन बसतो, तुम्ही के-१८ ला वाट बघता, दोघांच्या मनात एकच, काय बेपर्वा माणूस आहे. हे मी दर प्रदर्शनात निदान पाच-सहा वेळा निस्तरलंय.

तिसरं, तुमचा आणि चुलतभावाचा लॉगिन वेगळा असेल तर दोघांची कॅलेंडरं वेगळी आणि टेबल मात्र एकच. एकाच साडेअकराला दोघांनी दोन माणसं बोलावून ठेवाल.

वॅडवाला_वसई · मंगळवार, दुपारी १:१०

केदारभाऊ, जेवण सोडून आत्ता उघडून बघितलं. अकराच्या अकरा लाउंजवर आहेत!! आणि ज्याने हो म्हटलंय त्याला पण लाउंजच गेलंय. आत्ता बदललं, त्याला मेसेजही टाकला.

स्टॉल_नंबर_तेरा · मंगळवार, दुपारी ३:४७

मी अठरा वर्षं स्टॉल लावतोय, आधी दुसऱ्याच्या नोकरीत आणि आता स्वतःचा, त्यामुळे थोडं लांबेल, चहा घेऊन वाचा.

पहिली गोष्ट आनंदरावांच्या मुद्द्याची. पर्चेसचं अर्धं बरोबर आहे. चालू मालाला दुसरा सप्लायर हवा असेल, कार्टन, टेप, स्ट्रेच फिल्म असलं काही, तर पर्चेसच. पण तुमचा वॅड तसा नाही. वॅड बदलायचा म्हणजे बाटली, झाकण, सीलिंग मशीनची पॉवर, लाइनचा स्पीड सगळ्याची ट्रायल आली, आणि ती ट्रायल पर्चेसवाला करत नाही, पॅकेजिंग डेव्हलपमेंटवाला करतो, नाहीतर छोट्या कंपनीत प्रॉडक्शन मॅनेजर. पर्चेसवाल्याला स्टॉलवर बसवलंत तर तो एकच वाक्य बोलणार, रेट मेल करा. म्हणून यादीत आधी हुद्दा बघा, मग कंपनी. आणि मजकुरात रेट तर अजिबात नको, वॅडचा रेट साइज आणि कोटिंगवर बदलतो, आकडा लिहिलात की तोच वरचा आकडा धरून तुम्हाला खाली ओढणार.

दुसरी गोष्ट, किती पाठवायच्या. आधी किती भेटी झेपतात ते मोजा. स्टॉल दहाला उघडतो आणि सहाला बंद. दहा ते अकरा कोणाला बोलवू नका, लोक हायवेच्या ट्रॅफिकमध्ये नाहीतर बॅजच्या रांगेत असतात, आणि तुमचंही अजून टेबल पुसणं चालू असतं. एक ते दोन जेवण. पाचनंतर लोकल पकडायची घाई. उरले पाच तास. एक भेट वीस मिनिटांची धरा आणि मध्ये दहा मिनिटं मोकळी, कारण आधीचा उठत नाही आणि पुढचा लवकर येतो. म्हणजे कागदावर दिवसाला दहा. पण तुम्ही दोघंच, एक बसला की दुसरा उभा राहून वाटसरूंशी बोलणार, मग बाथरूम आहे, जेवण आहे, त्यामुळे मी सहाच धरतो. गुरुवार सहा, शुक्रवार सहा, शनिवारी दुपारनंतर स्टॉलवाले गुपचूप आवरायला लागतात म्हणून तीन. झाले पंधरा. माझ्याकडे साधारण तीनात एक हो म्हणतो आणि हो म्हटलेल्यांपैकी दोन तृतीयांश खरंच येतात. तुमचा पहिला स्टॉल, याहून कमी धरा. म्हणजे तीसच्या तीस पाठवल्या तरी पंधराच्या वर जाणार नाही, पण एका दिवशी तीस पाठवायच्या नाहीत. आत्ता दहा-बारा, दहा दिवस आधी उरलेल्या, आणि चार हातात ठेवायच्या, कारण चांगली नावं शेवटच्या आठवड्यात रजिस्टर होतात.

आता मजकूर. भाऊ, राग मानू नका, पण तुमचा मजकूर स्टॉलवरच्या बॅनरचा आहे. पंचवीस वर्षं, आघाडीचे, ब्रीद. त्या माणसाला आलेल्या प्रत्येक मेसेजमध्ये हेच आहे. त्याचं वीस मिनिटांत काय होणार हे कुठे लिहिलंय? "परस्पर संधींवर चर्चा" म्हणजे तो येणार आणि तुम्ही बोलणार, एवढंच त्याला कळतं. जे काम फोनवर होत नाही, मेलवर होत नाही, तुमच्या टेबलावरच होऊ शकतं, असं काय आहे तुमच्याकडे? ते सापडलं की मजकूर चार ओळींत होतो.

वॅडवाला_वसई · मंगळवार, रात्री ९:५५

तेरा नंबरवाले दादा, हे वाचून चुलतभावाशी बसलो. आमच्याकडे हातात धरायचं छोटं इंडक्शन सीलर आहे, बाटली खाली ठेवायची, झाकणावर टेकवायचं, बटण दाबलं की दोन-तीन सेकंदांत सील. ते स्टॉलवर नेणारच होतो पण नुसतं शोभेला. समोरच्याने स्वतःची बाटली आणली तर तिच्यावर सील करून देता येईल. हे चालेल?

आणि अजून एक. यादीतल्या सहा कंपन्यांचा माल मी आज स्टेशनजवळच्या दुकानातून विकत आणला, मध, तेल, प्रोटीन पावडर. घरी झाकणं उघडून बघत बसलो, बायको म्हणाली एवढा मध कोण खाणार. एका बाटलीचं सील असं की फॉइलची कड तपकिरी झालेली, म्हणजे मशीनची पॉवर जास्त किंवा लाइन हळू. दुसऱ्या एका पीईटी बाटलीवर बोटाने कड उचलली तर अख्खी फॉइल सुकलेल्या पोस्टाच्या तिकिटासारखी निघाली. पीईटीवर पीईच्या कोटिंगचा वॅड लावला की असंच होतं, बाटली ज्या प्लॅस्टिकची त्याच जातीचा थर वॅडला लागतो, नाहीतर धरतच नाही. मग मी नवीन मजकूर केलाय:

"आपल्या अमुक मधाच्या पीईटी बाटलीचे सील नीट धरत नाही असे आमच्या पाहण्यात आले आहे. चुकीचा वॅड वापरल्याने गळतीच्या तक्रारी येऊ शकतात. हॉल ४, के-१८ ला भेटल्यास आम्ही उपाय दाखवू."

हे कसं? यात तर त्याच्याच कामाचं आहे.

आनंद_गोरेगाव · मंगळवार, रात्री १०:२०

एक नंबर! याला कोण नाही म्हणेल.

मीनाक्षी_पीडी · बुधवार, सकाळी ७:५०

मी म्हणेन. एवढे दिवस नुसती वाचत होते, आज लिहावंच लागलं.

मी एका फूड कंपनीत पॅकेजिंग डेव्हलपमेंटला आहे, म्हणजे तुम्ही ज्यांना पाठवताय ती मीच. गेल्या प्रदर्शनाच्या आधी मला नव्वदच्या आसपास रिक्वेस्ट आल्या होत्या. मी त्या वाचते कुठे सांगू का, अंधेरीहून रिक्षात, फोनच्या नोटिफिकेशनमध्ये. तिथे कंपनीचं नाव आणि पहिली अर्धी ओळ दिसते, बस. "आदरणीय सर/मॅडम आम्ही गेल्या" एवढं दिसलं की अंगठा आपोआप बाजूला सरकवतो, उघडतसुद्धा नाही.

आता तुमच्या नव्या मजकुराबद्दल. तुमचं निरीक्षण बरोबर असेल, शक्यता आहे. पण आमच्या कंपनीचा पोर्टलवरचा लॉगिन एकच आहे, तो ॲडमिनने केलाय, आणि रिक्वेस्टची मेल माझ्याबरोबर पर्चेसला आणि माझ्या बॉसला जाते. तुम्ही लेखी पाठवताय की आमच्या बाटलीचं सील धरत नाही. त्या क्षणी ते तुमचं निरीक्षण राहत नाही, कंपनीत आलेली तक्रार होते. तिला क्वालिटीवाले नंबर देतील, उत्तर मागतील, बॅच कुठली विचारतील. तुमच्याकडे बॅच नंबर आहे पण बाटली दुकानात किती दिवस उन्हात होती ते माहीत आहे का? मी तुम्हाला भेटायच्या आधीच तुमच्यामुळे एक फॉर्म भरत बसणार. मग मी "हो" दाबेन का?

दोष टेबलावर तोंडी सांगा, बाटली समोर ठेवून. खरं तर मलाच दिसेल. रिक्वेस्टमध्ये फक्त ट्रायल लिहा.

वॅडवाला_वसई · बुधवार, सकाळी ८:३०

मीनाक्षी ताई, बरं झालं बोललात, सकाळी दहाला सहा जणांना हेच पाठवणार होतो. आई शप्पथ.

रत्नाकर_काका · बुधवार, सकाळी ९:१२

मी तेच म्हणत होतो. लेखी काही द्यायचं नसतं.

स्टॉल_नंबर_तेरा · बुधवार, दुपारी १२:३०

ताईंचं एकदम पटलं, मला हे लॉगिनचं डोक्यात नव्हतं. आता भाऊ, सीलरवरून मजकूर बांधू. अर्ध्या ओळीत काय दिसणार ते आधी ठरवा. मी असा लिहीन:

"तुमच्या पीईटी बाटलीवर सील ट्रायल, २० मिनिटं, हॉल ४ स्टॉल के-१८. ५ रिकाम्या बाटल्या आणि तुमचीच झाकणं आणा, समोर सील करून देतो, घेऊन जाऊन तुमच्याकडे लीक टेस्ट करा. गुरुवार ११:३० किंवा शुक्रवार ३:००, जमेल ते सांगा. हॉल ४ च्या मुख्य दाराने आत, उजवीकडची तिसरी गल्ली, फूड काउंटरच्या आधी."

बघा यात तुमच्या कंपनीबद्दल एक शब्द नाही, ती तशीही प्रोफाइलमध्ये असते. "पीईटी" शब्द प्रत्येकाला त्याच्या बाटलीप्रमाणे बदलायचा, तेलवाल्याला एचडीपीई असेल तर एचडीपीई. तुम्ही दुकानातून आणलेल्या बाटल्यांचा उपयोग इथे, बुडावरचा त्रिकोणातला आकडा बघा, १ म्हणजे पीईटी, २ एचडीपीई, ५ पीपी. नुसत्या या एका शब्दावरून त्याला कळतं की याने आपली बाटली हातात घेऊन बघितलीय.

"आणा" हे महत्त्वाचं. ज्याने पाच बाटल्या बॅगेत घातल्या तो येतोच.

मीनाक्षी_पीडी · बुधवार, दुपारी १:०५

हे आलं तर मी हो म्हणेन. एक दुरुस्ती, दोनच वेळा दिल्यात ते ठीक आहे पण "जमेल ते सांगा" काढा, कोणीही उलट लिहीत बसत नाही. पोर्टलवर एक स्लॉट पक्का टाका आणि मजकुरात दुसरा पर्याय. आणि रस्त्याचं वर्णन हवंच, कारण हॉलमध्ये पत्र्याखाली नेटवर्क मेलेलं असतं, हजारो लोक एकदम फोनवर, ॲपमधला नकाशा उघडत नाही. मी मेलचा स्क्रीनशॉट काढून ठेवते, तो बघत फिरते. लोकेशनची पिन पाठवणारे पण असतात, ती पिन अख्ख्या नेस्कोवर पडते, तिचा काय उपयोग.

केदार_के · बुधवार, दुपारी २:४०

स्लॉटवरून आठवलं. एकाच गुरुवार ११:३० वर पाच जणांना रिक्वेस्ट टाकू नका. पहिला हो म्हणाला की बाकी चौघांना सिस्टिम आपोआप "वेळ उपलब्ध नाही" पाठवते, तुमच्या नावाने. त्यांना वाटतं आधी बोलावलं आणि मग हाकललं. एका स्लॉटवर एकच, फार तर दोन.

आणि स्टॉल नंबर. लेआउट शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत एकदा तरी हलतो, कोणी मोठा स्टॉल सोडतो, कोणाचा खांब मध्ये येतो. तुमचा नंबर बदलला तर पोर्टलच्या यादीत आपोआप बदलेल पण तुम्ही हाताने टाइप केलेला मजकूर तसाच राहील. म्हणून अंतिम लेआउटचा मेल आला की हो म्हटलेल्या प्रत्येकाला एक ओळीचा मेसेज, बदलला असो वा नसो.

आनंद_गोरेगाव · बुधवार, संध्याकाळी ६:१८

ठीक आहे पर्चेसचं मागे घेतो. पण एवढं नाटक कशाला, यादीत मोबाइल नंबर दिसत असतील ना? सरळ व्हॉट्सॲप करा ना सगळ्यांना, कोटा नाही काही नाही.

मीनाक्षी_पीडी · बुधवार, संध्याकाळी ७:०२

मी ब्लॉक करते. त्या प्रदर्शनासाठी नंबर दिलाय, जाहिरातीसाठी नाही. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा वेगळाच, पण त्याआधी माझा अंगठा आहे.

स्टॉल_नंबर_तेरा · बुधवार, संध्याकाळी ७:४०

इथे माझं ताईंशी थोडं वेगळं मत आहे. जो हो म्हणाला त्याला आदल्या दिवशी व्हॉट्सॲप करतो मी, आणि लोकांना ते बरं वाटतं. ज्याने काहीच उत्तर दिलं नाही त्याला नाही.

मीनाक्षी_पीडी · बुधवार, संध्याकाळी ७:५१

हो म्हटल्यावर चालतं की. पण सकाळी नऊच्या आधी नको. आणि "गुड मॉर्निंग"चं फूल नको.

झाकण_भिवंडी · गुरुवार, सकाळी ११:२२

आम्ही झाकणं बनवतो म्हणून बोलतो. हातातल्या सीलरने स्टॉलवर केलेलं सील आणि लाइनवरचं सील सारखं नसतं. झाकण किती घट्ट फिरवलंय यावर सगळं आहे, कारण वॅड बाटलीच्या तोंडावर दाबलेला असला तरच धरतो. तुम्ही स्टॉलवर हाताने मस्त आवळणार, सील कडक लागणार, मग त्याच्या लाइनवर ढिलं झाकण आलं की सुटणार आणि तो म्हणणार प्रदर्शनात फसवलं. शिवाय लाइनवर तोंडाला मध लागलेला असतो. टॉर्क मीटर घेऊन जा आणि आकडा लिहून द्या. हे रिक्वेस्टमध्ये नको, टेबलावर सांगा.

अजून एक, शेल स्टॉलमध्ये एक साधा सॉकेट मिळतो. सीलर किती वॅटचं आहे बघून जादा लोड आत्ताच मागा, तिथे ऐन वेळी मागितलं तर जास्त पैसे आणि इलेक्ट्रिशियन दुपारी येतो. साडेअकराला बाटल्या घेऊन माणूस उभा आणि मशीन बंद, नको ते.

वॅडवाला_वसई · गुरुवार, रात्री १०:१५

लोड मागितला. टॉर्क मीटर आहे आमच्याकडे, धूळ खात पडलाय. नऊ पेंडिंगपैकी सात मागे घेतल्या (कोटा परत आला, आणि त्याच माणसाला परत पाठवता येतं, विचारून घेतलं). हुद्दे चाळून एकूण बावीस जणं काढली. आज दहा पाठवल्या. प्रत्येकाची बाटली बुडाकडून बघून. घरात आता मधाच्या चार, तेलाच्या तीन आणि खोकल्याच्या औषधाच्या दोन बाटल्या आहेत.

एक प्रश्न राहिला, जुन्या गिऱ्हाइकांना पण रिक्वेस्ट टाकायची का? त्यांच्यावर कोटा घालवायचा का?

स्टॉल_नंबर_तेरा · गुरुवार, रात्री १०:३३

मी नाही घालवत, त्यांना फोन करतो.

रत्नाकर_काका · गुरुवार, रात्री १०:५०

मी तर म्हणतो त्यांनाच आधी बोलवा. जुनं गिऱ्हाईक शेजारच्या स्टॉलवर बसलेलं दिसलं की कळतं काय चुकलं ते. आमचं एक गेलंय असं, चौदा वर्षांचं.

स्टॉल_नंबर_तेरा · गुरुवार, रात्री ११:०४

काका, हेही खरं.

वॅडवाला_वसई · चार आठवड्यांनी, रविवार, दुपारी ४:२०

मंडळी, परवा नाही, काल संपलं, पाय सुजलेत तरी लिहितोय.

बावीस रिक्वेस्ट, पहिला धरून नऊ जण हो म्हणाले. नऊपैकी सहा आले. सहापैकी चौघांनी बाटल्या आणल्या, दोघं हात हलवत, एक म्हणाला सेक्युरिटी अडवेल वाटलं. त्या दोघांसाठी मी दुकानातून आणलेल्या त्यांच्याच कंपनीच्या बाटल्या धुऊन ठेवल्या होत्या, त्या काढल्यावर एकजण हसायलाच लागला. जे तीन आले नाहीत त्यातल्या एकाने मेसेज केला, बाकी दोघांचं काही नाही.

लेआउट खरंच हलला. आम्ही के-१८ चे के-२१ झालो, पाच दिवस आधी. सगळ्यांना ओळ पाठवली तरी एकजण के-१८ ला जाऊन उभा राहिला, तिथे लेबलवाले होते, त्यांनी बिचाऱ्यांनी बोट दाखवलं. मजकुरात "फूड काउंटरच्या आधी" होतं म्हणून सापडलो म्हणाला.

एक फजिती. शुक्रवारी तीनचा माणूस पाच बाटल्या घेऊन आला, सील केलं, गार व्हायच्या आधीच चुलतभावाने उत्साहात फॉइल ओढून दाखवली आणि ती निघाली. मी मागे उभा, जीव वर-खाली. मग त्याला सांगितलं साहेब दोन-तीन मिनिटं थांबू, उरलेल्या चार थंड होऊ देऊ. दहा मिनिटांची मोकळी वेळ ठेवली होती म्हणून जमलं, नाहीतर पुढचा दारात असता. गार झाल्यावर त्याने स्वतः ओढून बघितली, नखाने, नाही निघाली. टॉर्कचा आकडा त्याने फोनमध्ये फोटो काढून नेला.

ज्या मधवाल्यांची फॉइल तिकिटासारखी निघत होती, त्यांच्याकडून डेव्हलपमेंटची एक बाई आल्या होत्या. मी दोष काढला नाही. त्यांनीच आपली बाटली उघडली, बघितलं, काही बोलल्या नाहीत, आणि म्हणाल्या ह्या साइजचे हजार वॅड ट्रायलला पाठवा, पैसे देऊ. मंगळवारी त्यांच्या लाइनवर तारापूरला जायचंय.

मीनाक्षी_पीडी · रविवार, संध्याकाळी ५:०५

ट्रायलला जाताना त्यांच्या क्वालिटीवाल्याचं नाव आधी विचारून घ्या आणि गेटवर मटेरियलची एन्ट्री करून घ्या, नाहीतर वॅडचा डबा गेटवरच राहील.

पूनम_ठाणे · रविवार, संध्याकाळी ६:४०

बॅज आला होता, धन्यवाद केदार! मी के-२१ वरून गेले वाटतं, तिथे कोणीतरी मध वाटत होतं का?

वॅडवाला_वसई · रविवार, संध्याकाळी ७:१०

हो ताई, तो आमचाच. घरी उरलेल्या चार बाटल्या होत्या ना.